दर सांगणारं पान: लांब तक्ता की तीन कार्डं?

दारव्ह्याचा एक मित्र कृषी केंद्रांसाठी बिलिंगचं सॉफ्टवेअर विकतो. प्लॅन तीन, दराच्या पानावर चोवीस ओळींचा टिकमार्कांचा तक्ता. त्याचा प्रश्न: "भाऊ, तक्ताच सुधारू की कार्डं करू?"

फरक कुठे पटकन दिसतो? त्याच्या तक्त्यात सतरा ओळी तिन्ही प्लॅनमध्ये सारख्याच होत्या. त्या "सगळ्या प्लॅनमध्ये मिळतं" अशा एका यादीत गेल्या, की उरतात सात. त्यातही दुकानदार ठरवतो ते दुकानं किती आणि काउंटर किती यावरच. कार्डावर हेच दोन आकडे दराखाली मोठे लिहिता येतात. तक्त्यात ते ओळींत हरवतात.

गावातला दुकानदार पान मोबाईलवर पाहतो. तिथे तक्ता आडवा सरकवावा लागतो आणि कोणता टिकमार्क कोणत्या सोयीचा तेच कळत नाही. सोयींच्या नावांचा पहिला रकाना `position: sticky; left: 0` ने धरून ठेवता येतो, पण छोट्या स्क्रीनची निम्मी जागा तोच खातो. कार्डं एकाखाली एक येतात. मात्र शिफारशीचं मधलं कार्ड दुसऱ्या नंबरवर जातं. म्हणून ते HTML मध्येच पहिलं ठेवावं. भरीव रंगाचं बटण फक्त त्यालाच, बाकी दोघांना नुसती चौकट. "सर्वात लोकप्रिय" या पट्टीवर कोण विश्वास ठेवतो? "दोन काउंटरच्या दुकानासाठी" लिहिलं तर माणूस स्वतःला ओळखतो.

मेहनत तक्त्यालाच कमी, नवी सोय आली की एक ओळ वाढवली.

एकट्या दुकानदाराला विकायचं असेल तर कार्डं. जिल्हाभर शाखा असलेल्या संस्थेचा हिशेबनीस मात्र एकेक सोय तपासतो. त्याच्यासाठी सात ओळींचा तक्ता कार्डांखाली ठेवावा.