अध्यापन-निवेदन: तत्त्वापासून सुरुवात की एका तासापासून?

ब्रिटनमधील धर्मशास्त्र विभागात व्याख्यातापदासाठी अर्ज करताना अध्यापन-निवेदनाचे, म्हणजे आपण कसे शिकवतो हे सांगणाऱ्या टिपणाचे, दोन मसुदे शक्य असतात. पहिला ‘मी विद्यार्थ्यांमध्ये चिकित्सक वृत्ती रुजवतो’ अशा तत्त्वापासून निघतो. तो लवकर लिहून होतो, पण विभागाचे नाव बदलून इतिहासासाठीही चालतो, आणि हीच त्याची उणीव आहे.

दुसरा मसुदा एका तासापासून निघतो. उदाहरणार्थ, बायबलमधील उत्पत्ती या पहिल्या पुस्तकाचे पहिले दोन अध्याय शेजारी ठेवून विद्यार्थ्यांना फक्त निर्मितीचा क्रम लिहायला सांगितला जातो. पहिल्यात प्राणी आधी येतात आणि स्त्री-पुरुष मागाहून एकत्र. दुसऱ्यात आधी पुरुष, मग प्राणी, शेवटी स्त्री. तेवढ्यात कोणीतरी विचारतेच, “मग खरे कोणते?” निवेदनाचा कस इथे लागतो. एडिंबरा विद्यापीठाचा धर्मशास्त्र विभाग असलेल्या न्यू कॉलेजसारख्या ठिकाणी चर्चसेवेची तयारी करणारे आणि कोणताही धर्म न मानणारे विद्यार्थी एकाच बाकावर असू शकतात. म्हणून आपण हा प्रश्न टाळत नाही, तर दोन्ही वृत्तान्त जपणाऱ्या संपादकाला ही विसंगती का खटकली नसावी याकडे वळवतो, आणि श्रद्धेचा निर्णय विद्यार्थ्याकडेच ठेवतो, हे उमेदवाराने स्पष्ट लिहावे.

या मसुद्याला मर्यादा आहे: एकाच तासाने दोन पाने भरली, तर मूल्यमापन आणि इतर अभ्यासक्रम यांना जागा उरत नाही. तरीही मी दुसराच निवडेन, मात्र तो तास पानाच्या एक तृतीयांशात आटोपून.