कॅफेत नव्या गिऱ्हाइकाला वायफाय लागत नाही: लीज कमी करावी, आयपी वाढवावेत की राउटर बदलावा?

शनिवारी संध्याकाळी सहाला कॉलेज रोडवरच्या एका कॅफेच्या मालकीण ताईंचा फोन आला. "दादा, आत बसलेल्यांचं नेट मस्त चालू आहे, पण नवीन येणाऱ्या कुणालाच लागत नाही. काल बंद-चालू केला तेव्हा लागलं. आता नवीन राउटरच घेऊन टाकू का?" मी नाशिकमध्ये दुकानांची, हॉटेलांची नेटवर्कं बघतो आणि हा प्रश्न मला दर महिन्याला ऐकू येतो. तुम्हीही याच निर्णयावर अडला असाल, तर पैसे काढण्याआधी त्या कॅफेचा हिशोब बघा.

फोन वायफायला जोडला जातो तेव्हा राउटर त्याला एक आयपी, म्हणजे नेटवर्कवरचा पत्ता, ठरावीक मुदतीसाठी देतो. ती मुदत म्हणजे लीज. या कॅफेच्या राउटरमध्ये `192.168.0.100` ते `192.168.0.199` असे १०० आयपी होते आणि लीज १४४० मिनिटं, म्हणजे २४ तास. घरात तेच ते दहा फोन असतात, तिथे ही मुदत ठीक आहे. कॅफेत मात्र माणूस कॉफी पिऊन निघून जातो आणि त्याचा फोन "मी चाललो, आयपी परत घ्या" असं सहसा सांगत नाही. उद्या तीच वेळ होईपर्यंत तो आयपी त्याच्याच नावावर अडकून राहतो.

शुक्रवारी संध्याकाळी पाचनंतर ४५ नवे फोन आले होते आणि शनिवारी सकाळपासून पाचपर्यंत ५५. झाले शंभर. त्या वेळी कॅफेत प्रत्यक्ष चालू असलेली उपकरणं होती २२. बाकीचे ७८ आयपी घरी गेलेल्या माणसांच्या नावावर पडून होते. रीस्टार्टने काम होतं ते यामुळेच: बऱ्याच साध्या राउटरची यादी बंद केल्यावर पुसली जाते, मग बसलेले २२ पुन्हा जोडले जातात आणि ७८ जागा मोकळ्या होतात. तासाला २५ नवे फोन येत असतील तर त्या तीन तास पुरतात. सहाला रीस्टार्ट केलं की नऊला पुन्हा तीच रड. मालकांना वाटतं राउटर हँग होतोय, पण राउटर धडधाकट असतो.

तुमचाही आजार हाच आहे का, हे आधी पक्कं करा. अँड्रॉइड फोन `Obtaining IP address…` वर अडकतो. विंडोज लॅपटॉपवर `ipconfig` टाकलं की `169.254` ने सुरू होणारा पत्ता दिसतो, म्हणजे राउटरकडून काहीच मिळालं नाही. मग अडलेल्या एका फोनवर हाताने `192.168.0.50` आयपी आणि गेटवे म्हणून राउटरचा पत्ता `192.168.0.1` भरून बघा. (ही माझ्या उदाहरणातली संख्या, तुमच्या राउटरच्या पत्त्यानुसार, आणि ५० दुसऱ्या कुणाला दिलेला नाही याची खात्री करून.) असं केल्यावर नेट चालू झालं, तर लाइन चांगली आहे, सिग्नल चांगला आहे, फक्त आयपी संपलेत.

आता लीज कमी करणं आणि आयपी वाढवणं शेजारी ठेवून बघू.

लीज एक तास केली तर फोन अर्ध्या मुदतीला, म्हणजे तिसाव्या मिनिटाला, ती स्वतःहून वाढवून घेतो. सरासरी ५० मिनिटं बसणाऱ्या गिऱ्हाइकाचा आयपी आल्यापासून ९० मिनिटांनी सुटतो. तासाला २५ नवे म्हणजे एका वेळी साधारण ३८ आयपी अडकलेले. शंभरातले ६० हून जास्त मोकळे राहतात, खर्च शून्य.

आयपी वाढवायचे तर `192.168.0.20` ते `192.168.0.250` अशी मर्यादा ठेवून २३१ मिळतात. लीज २४ तासच ठेवली, तर या कॅफेच्या रविवारी साधारण १७० भरतात. म्हणजे हेही चालतं. पण इथे एक धोका आहे. किचनमधल्या केओटी प्रिंटरला किंवा सीसीटीव्हीच्या डीव्हीआरला कुणी तरी कधी काळी हाताने `192.168.0.210` देऊन ठेवलेला असतो. मर्यादा वाढवली की तोच आयपी एखाद्या गिऱ्हाइकाच्या फोनला मिळू शकतो आणि ऐन गर्दीत केओटी निघायची बंद होते. वाढवण्याआधी अशी यंत्रं वीसच्या खाली आणून ठेवा.

दोन्हींतला खरा फरक असा: लीज छोटी असेल तर किती आयपी लागतील हे तुमच्या खुर्च्यांवर ठरतं. लीज लांब असेल तर ते दिवसभरात किती माणसं येऊन गेली यावर ठरतं. खुर्च्या तुम्हाला माहीत असतात, गर्दीचा अंदाज कुणाला नसतो. पंचवटीत रामकुंडाजवळ बारा मिनिटांत चहा पिऊन निघणारं गिऱ्हाईक असेल, तासाला ६० नवे फोन येत असतील, तर १३ तासांत ७८० होतात. २४ तासांच्या लीजला २३१ आयपी कुठेच पुरणार नाहीत, आणि २०२७ च्या सिंहस्थात तर नाहीच नाही. तिथे एक तासाची लीज ६० आयपींत भागवते, अर्ध्या तासाची ३० मध्ये. कॉलेज रोडच्या कॅफेत मात्र अर्धा तास केल्याने ३८ चे ३१ च होतात, त्यामुळे तिथे मी एक तासावरच थांबलो. दोन-पाच मिनिटांपर्यंत तर कुणीच उतरू नये: झोपलेल्या फोनची मुदतवाढ एकदा चुकली की आयपी जातो आणि चालू कॉल तुटतो.

आयपी वाढवणं कधी खरंच गरजेचं? मुलं फोन, लॅपटॉप आणि टॅब घेऊन दिवसभर अभ्यासाला बसतात आणि एकाच वेळी १२० उपकरणं चालू असतात, तेव्हा. तिथे लीज कितीही कापा, शंभरात १२० मावणार नाहीत. पण इतक्या गर्दीत घरगुती राउटरचं वायफायच आधी दमतं, म्हणून तिथे चांगल्या अॅक्सेस पॉइंटचा खर्च मला योग्य वाटतो.

नुसता नवीन राउटर घेण्याचा सल्ला मी देत नाही. त्यातही कंपनीची लीज २४ तास असली तर दुखणं तसंच राहतं. जुन्याच्या शेजारी लावून दोन्हींचं डीएचसीपी चालू ठेवलं, तर दोघंही आयपी वाटायला लागतात आणि मग काही फोनना चुकीचा गेटवे मिळतो.

एक गोष्ट सहसा कुणाच्या लक्षात येत नाही. वायफायची साधी आणि `5G` अशी दोन वेगळी नावं ठेवली असतील, तर अँड्रॉइड १० आणि आयओएस १४ पासूनचे फोन प्रत्येक नावाला वेगळा मॅक पत्ता, म्हणजे राउटर फोन ज्यावरून ओळखतो तो क्रमांक, दाखवतात. एकच गिऱ्हाईक दोन्हींना जोडून बघतं आणि दोन आयपी अडवतं. नाव एकच ठेवा.

ताईंच्या राउटरवर मी लीज ६० मिनिटं केली आणि लगेच एकदा रीस्टार्ट केला, कारण आधी दिलेल्या लीजना नवी मुदत आपोआप लागू होत नाही. ओपनडब्ल्यूआरटी टाकलेल्या राउटरवर हेच काम असं होतं:

```
uci set dhcp.lan.leasetime='1h'
uci commit dhcp
reboot
```

पुढच्या शनिवारी संध्याकाळी सातला त्यांनी क्लायंटची यादी उघडून मोजली: ४१.