फोटो टाकून गणित विचारायचं अ‍ॅप: बायनोमियलच्या टेबलपाशी कुठे गंडतं (बरेच महिने वापरल्यावर)

नाव लिहीत नाही, वापरणाऱ्यांना कळेलच. फोटो टाकायचा, पलीकडचे सर किंवा मॅडम स्टेप्स लिहून पाठवतात आणि दर डाऊटला एक टोकन उडतं. मुलगी बारावी कॉमर्सला म्हणून वर्षाचा पॅक घेतला. इंटिग्रेशन, एलपीपी वगैरेला एकदम मस्त, पण तीनच स्टार देतोय, आणि त्याला कारण ऑटो-क्रॉप.

हे क्रॉप टेबलच्या वरची ओळ उडवतं, आणि सगळा अर्थ नेमका त्याच ओळीत असतो. बायनोमियलचं छापील टेबल, n = 10, p = 0.2, विचारलंय बरोब्बर 3 यशांची प्रोबॅबिलिटी. फोटोत 3 च्या समोर 0.8791 दिसत होतं, सरांनी तेच उत्तर म्हणून पाठवलं! फॉर्म्युला लावून बघा:

P(X = 3) = 10C3 × (0.2)^3 × (0.8)^7 = 120 × 0.008 × 0.2097 = 0.2013

कापलेल्या ओळीत 'x किंवा कमी' असं होतं, म्हणजे टेबल क्युम्युलेटिव्ह. तिथून 3 चं हवं असेल तर 0.8791 मधून वरच्या रांगेतलं 0.6778 वजा करायचं, मग 0.2013 येतं. आणि 'किमान 3' विचारलं असेल तर 1 मधून 0.6778 वजा, 0.8791 नव्हे, इथे पोरं हमखास अडकतात. ओळ नसली तरी टेबल ओळखता येतं: कॉलम खाली वाढत वाढत 1 ला टेकला तर क्युम्युलेटिव्ह, आकडे चढून उतरले आणि सगळ्यांची बेरीज 1 आली तर सुट्ट्या प्रोबॅबिलिटीचं, आणि 1 पासून सुरू होऊन घटत गेला तर 'x किंवा जास्त'वालं. एवढं लिहून टोकन परत मागितलं तर सपोर्टवाल्यांचं उत्तर, 'सोल्यूशन फोटोप्रमाणे बरोबर आहे.' अहो, पण फोटो कापला कोणी?

तेव्हाच एक स्टार देऊन मोकळा होणार होतो. पण पुढच्या डाऊटला एक मॅडम मिळाल्या आणि मत बदललं. प्रश्न असा की 10 बल्बच्या लॉटमध्ये 2 खराब, परत न ठेवता 3 काढले, एकही खराब नसण्याची प्रोबॅबिलिटी किती. आधी कोणीतरी (0.8)^3 = 0.512 लिहून दिलेलं. मॅडमनी फॉर्म्युल्याला हात लावण्याआधी अटी तपासल्या: ट्रायल किती ते ठरलेलं आहे का, दर वेळी निकाल दोनच प्रकारचे का, p तीच राहते का, एका ट्रायलचा दुसरीवर परिणाम नाही ना. पहिल्या दोन अटी बसतात, पण एक बल्ब काढला की उरतात 9, p बदलली, शेवटच्या दोन्ही अटी गेल्या. मग बायनोमियल नाहीच, 8C3 / 10C3 = 56/120, म्हणजे 0.467.

यातली गंमत मला फार आवडली. एक्स्पेक्टेड व्हॅल्यू दोन्हीकडे सारखीच निघते, np = 3 × 0.2 = 0.6, आणि बल्ब परत न ठेवताही 0.6 च. म्हणून 'E(X) जुळलं, म्हणजे बायनोमियल बरोबर' असा ताळा चालत नाही, आणि अ‍ॅपवरची बरीच उत्तरं हाच ताळा करतात.

अजून एक नमुना. वहीतल्या टेबलचा फोटो, x 0 ते 4, समोर 0.10, 0.15, 0.30, 0.30, 0.15. बेरीज 1, ठीक. E(X) काढायला प्रत्येक x ला त्याच्या प्रोबॅबिलिटीने गुणून बेरीज, 0 + 0.15 + 0.60 + 0.90 + 0.60 = 2.25. इथवर बरोबर. मग व्हेरियन्स विचारला म्हणून कोणी n = 4 धरून p = 2.25/4 = 0.5625 काढली आणि npq = 0.98 देऊन मोकळे. टेबल बायनोमियल आहे असं प्रश्नात कुठे म्हटलंय? p खरंच 0.5625 असती तर x = 0 ला (0.4375)^4, म्हणजे सुमारे 0.037 दिसायला हवं, टेबलात 0.10 आहे. तिथेच थांबायला हवं होतं. E(X²) = 6.45, त्यातून 2.25 चा वर्ग 5.0625 वजा, व्हेरियन्स 1.3875. एवढा फरक म्हणजे मार्क गेलेच.

नवीन अपडेटमध्ये क्रॉप हाताने करता येतो, पण बटण सेटिंगमध्ये खोल दडवलंय, आधी ते चालू करा. फोटोत टेबलची वरची ओळ आणि n, p चे आकडे येऊ द्या, आणि खाली 'अटी तपासून द्या' असं टाईप करा, मग निदान त्या मॅडमसारखं उत्तर यायची शक्यता वाढते. वर्षाचा पॅक मी पुन्हा घेणार नाही, महिन्याचा घेईन, तोही परीक्षेच्या तोंडावर. ते एक टोकन अजून परत आलेलं नाही.