पाय चार्टच्या चित्रातली एक फाक बदलायची: जिम्प, एक्सेल की इंकस्केप?

मूळ आकडे हरवलेत, हाताशी फक्त पीएनजी आहे, आणि त्यातल्या एका फाकेचा टक्का चुकलाय. उदाहरणादाखल घरखर्चाचा चार्ट घेऊ: किराणा ४०, भाडे २५, शाळा २०, इतर १५. बाराच्या काट्यापासून घड्याळाच्या दिशेने फाका लागल्यात आणि भाडे २८ करायचे आहे.

साधन निवडण्याआधी एक गोष्ट ठरवावी लागते: हे वाढीव ३ टक्के कुणाच्या वाट्यातून जाणार? शाळेतून गेले, तर भाडे आणि शाळा यांच्यामधली एकच रेघ सरकते. १ टक्का म्हणजे ३.६ अंश, म्हणून ती २३४ वरून २४४.८ अंशांवर जाते. ‘इतर’मधून गेले, तर शाळेची अख्खी फाक १०.८ अंशांनी पुढे ढकलावी लागते आणि काम दुप्पट होते. हा निर्णय आकडे देणाऱ्याचा असतो, चित्र सुधारणाऱ्याचा नव्हे. इथे शाळा १७ झाली असे धरू.

जिम्पमध्ये हे काम पटकन होईल असे वाटते. केंद्र (500, 500) आणि त्रिज्या 400 पिक्सेल असेल, तर नवी रेघ परिघाला कुठे टेकते ते असे निघते:

```
x = 500 + 400·sin(244.8°) ≈ 138
y = 500 − 400·cos(244.8°) ≈ 670
```

केंद्र, हा बिंदू आणि जुन्या रेघेचे टोक यांच्यामधला पट्टा निवडून त्यात भाड्याचा रंग भरायचा. कोनाची अडचण येत नाही. या आकाराच्या वर्तुळात परिघावर एक पिक्सेल चुकला तरी फरक जेमतेम ०.०४ टक्क्यांचा. अडचण आहे जुन्या रेघेची. तिच्या कडेला दोन रंगांच्या मिश्रणाचे पिक्सेल असतात आणि बादलीने रंग ओतला की ते तसेच राहतात. मग भाड्याच्या फाकेत एक पुसट केसासारखी रेघ दिसत राहते आणि बघणाऱ्याला तिथे पाचवी फाक असल्याचा भास होतो. निवड काढून बादलीची मर्यादा वाढवली, तर रंग शेजारी सांडतो. चित्र आधी कधी जेपीईजी झालेले असेल, तर रेघेच्या दोन्ही बाजूंना आणि अक्षरांभोवतीही डाग असतात. माझ्यापुरते जिम्प इथेच बाद झाले. रिटचिंगचा हात बसलेल्यांचे मत वेगळे असू शकेल.

एक्सेलमध्ये चार्ट नव्याने काढला, तर कोन आपोआप बरोबर येतात. सापळा एकच: २५ चे २८ केले आणि शाळेचे २० तसेच ठेवले, तर बेरीज १०३ होते. एक्सेल तक्रार करत नाही. टक्केवारीची लेबले ३९, २७, १९, १५ अशी दाखवते. त्यांची बेरीज नेमकी १०० भरते आणि तुमचे २८ मात्र कुठेच नसते. शिवाय रंग, अक्षरे, सूची सगळे जुन्याशी जुळवत बसावे लागते. अहवालात शेजारी त्याच घडणीचे आणखी चार्ट असतील, तर हा वेगळा दिसतो. त्रिमितीय, तिरका चार्ट असेल तर मात्र एक्सेलच बरे, कारण तिथे चित्रावरचे अंश खरे कोन नसतात.

सपाट, गोल चार्टसाठी मला इंकस्केप जास्त पटते. तिथे जुनी रेघ पुसायचीच नाही, झाकायची. चित्र आत घेऊन लॉक करा. वर्तुळाची रुंदी आणि उंची सारखी आहे ना, तेवढे पाहा. कुणी चित्र ताणले असेल तर आधी ते सरळ करा. मग वर्तुळाच्या साधनाने त्याच केंद्रावर तेवढेच वर्तुळ काढून `Start` आणि `End` भरा. इंकस्केप अंश तीनच्या काट्यापासून मोजते, म्हणून आपल्या अंशांतून ९० वजा करायचे. आधी शाळेची फाक: `Start` १५०, `End` २१६. तिच्यावर भाड्याची: `Start` ५४, `End` १५४.८. शाळेची सुरुवात मुद्दाम जवळपास ५ अंश आधी केली आहे. दोन्ही फाका नेमक्या कडेला कड लावल्या, तर फटीतून खालचे चित्र डोकावते. रंग ड्रॉपरने फाकेच्या मधोमध टिपा, कडेला नको. मूळ चार्टमध्ये फाकांमध्ये पांढऱ्या रेघा असतील, तर दोन्ही आकारांना तेवढ्याच जाडीची पांढरी किनार द्या.

जुनी लेबलेही या दोन फाकांखाली जातात. नवी लेबले नुसती त्याच जागी लिहू नका; ती फाकेच्या मध्यरेषेवर येतात आणि मध्यरेषा रेघेच्या निम्मी सरकते, म्हणजे ५.४ अंश. भाड्याचे लेबल १८९ वरून १९४.४ अंशांवर जाते, शाळेचे २७० वरून २७५.४ वर. लेबल केंद्रापासून २४० पिक्सेलवर असेल, तर हे सरकणे साधारण २३ पिक्सेलचे होते. निर्यात करताना रुंदी मूळ चित्राइतक्याच पिक्सेलची ठेवा, नाहीतर न बदललेल्या फाकांच्या कडाही मऊ पडतात. शेजारच्या सूचीत टक्के छापलेले असतील, तर तिथला २५ आणि २० सुद्धा बदलायचा राहतो. तो बहुतेक वेळा राहतोच.