हिजरी सनावरून इसवी सन: ‘तेहतिसावा भाग वजा, ६२२ मिळवा’ हा नियम काही महिने वापरल्यावर

नियम बहुतेकांना माहीत असेल. हिजरी सनाला ३३ने भागा, आलेला भाग त्याच सनातून वजा करा आणि उरलेल्यात ६२२ मिळवा. मोगलकाळावर वाचन करताना सनावळ्या सतत लागतात आणि दर वेळी जंत्री उघडायचा कंटाळा येतो, म्हणून गेले काही महिने मी हाच नियम सरसकट वापरला. तोंडी करता येतो, कागदही लागत नाही. पण त्याचं उत्तर नेमकं कशाचं उत्तर असतं, हे समजून घेतल्याशिवाय त्यावर विसंबू नये, असं माझं आता ठाम मत झालं आहे.

नियमामागचं कारण सोपं आहे. हिजरी वर्ष म्हणजे चंद्राचे बारा महिने, साधारण ३५४.३७ दिवस. सौर वर्ष ३६५.२४ दिवसांचं. दर वर्षी जवळजवळ ११ दिवसांचा फरक पडतो आणि हिजरीत अधिक महिना नसल्यामुळे तो कधीच भरून निघत नाही. साचत साचत ३२ सौर वर्षांत हिजरीची ३३ वर्षं होतात. म्हणून दर तेहतिसांमागे एक वर्ष काढून टाकायचं. आणि गणनेची सुरुवात इ.स. ६२२च्या जुलैतली, म्हणून ६२२ मिळवायचे.

आता पानिपतच्या तिन्ही लढायांवर हा नियम लावून पाहा. तिन्हींची इसवी सनं शाळेपासून पाठ असल्यामुळे पडताळा लगेच घेता येतो.

पहिली लढाई हिजरी ९३२मधली. ९३२ला ३३ने भागलं की २८.२४, वजा केल्यावर ९०३.७६, त्यात ६२२ मिळवले की १५२५.७६. दशांश सोडून दिला तर १५२५ येतात आणि ते चूक, जवळच्या पूर्णांकात घेतलं तर १५२६ येतात आणि ते बरोबर. दुसरी लढाई ९६४मधली. तिचं उत्तर १५५६.७९. इथे मात्र पूर्णांकात घेतलं की १५५७ होतात, आणि लढाई तर १५५६च्या नोव्हेंबरातली. म्हणजे पहिल्या लढाईला जी युक्ती लागू पडली तीच दुसरीला फसवते. तिसरी ११७४मधली. उत्तर १७६०.४२. दशांश सोडा नाहीतर पूर्णांकात घ्या, १७६०च येणार. लढाई १४ जानेवारी १७६१ची.

यात गणिताचा दोष नाही. एक हिजरी वर्ष जवळजवळ नेहमीच दोन इसवी सनांत पसरलेलं असतं. ९६४चा मोहरम ४ नोव्हेंबर १५५६ला लागला आणि ते वर्ष १५५७च्या ऑक्टोबरपर्यंत चाललं. लढाई झाली २ मोहरमला, म्हणजे वर्ष लागून जेमतेम दोन दिवस झाले होते. सनाचा बहुतांश भाग १५५७मध्ये असूनही घटना १५५६ची आहे. अख्खं हिजरी वर्ष एकाच इसवी सनात बसणं दुर्मीळ. ८५७ हे त्यातलं एक. ते १२ जानेवारी १४५३ला सुरू होऊन त्याच ३१ डिसेंबरला संपलं, त्यामुळे कॉन्स्टँटिनोपल पडल्याचं साल काढताना कसलाच घोळ होत नाही.

म्हणून फक्त सन दिलेला असेल, महिना नसेल, तर मी आता एक आकडा लिहीतच नाही. ९६४ = १५५६–५७, असं जोडसन लिहितो. नाण्यांच्या याद्यांमध्येही असंच लिहिलेलं आढळतं आणि तेच प्रामाणिक आहे.

नियमाची दुसरी खोड जास्त वापरानंतरच लक्षात येते. ३३ हिजरी वर्षं आणि ३२ सौर वर्षं अगदी तंतोतंत समान नाहीत; हिजरीची सहा दिवसांनी जास्त भरतात. सहा दिवस म्हणजे किरकोळ, पण शतकानुशतकं ते साचतात. सुरुवातीच्या हिजरी सनांसाठी या नियमाचं उत्तर वर्षाच्या मध्याजवळ पडतं, ८००च्या आसपास बरोबर वर्षारंभावर, आणि नंतर वर्षारंभाच्याही मागे सरकत जातं. हिजरी १४४६साठी नियम २०२४.१८ देतो, म्हणजे मार्चची सुरुवात. ते वर्ष लागलं जुलैत. त्यामुळे अलीकडच्या सनांसाठी ३३चा भागाकार मी सोडून दिला आहे.

त्याऐवजी सनाला ०.९७ने गुणून ६२२ मिळवणं जास्त भरवशाचं. दोन्ही रीती एकच असल्यासारख्या सांगितल्या जातात, पण ०.९७चं उत्तर पहिल्या सनापासून आजच्या सनापर्यंत त्या हिजरी वर्षाच्या आतच पडतं. १४४६साठी २०२४.६२ येतं, ऑगस्टचा मध्य. बरोबर.

महिना माहीत असेल तर मात्र याहून नेटकं सूत्र वापरावं. हे वर्षारंभच देतं:

```
इसवी = हिजरी × ०.९७०२२४ + ६२१.५७७४
```

यात उलटून गेलेल्या प्रत्येक पूर्ण महिन्यामागे ०.०८१ मिळवायचे. ११७४चा वर्षारंभ १७६०.६२, म्हणजे ऑगस्टचा मध्य. लढाई जमादिलाखरच्या पहिल्या आठवड्यातली. जमादिलाखर सहावा महिना, त्यामुळे पाच महिने उलटलेले. ०.४०५ मिळवले की १७६१.०२, वरचे पाच-सहा दिवस धरले की १७६१.०४. जानेवारीचा मध्य, साल १७६१. जो नियम सालही चुकवत होता, त्याच्या जागी आता आठवडासुद्धा बरोबर येतो. एवढ्याशा कष्टात एवढा फरक पडतो, याचं मला अजूनही अप्रूप वाटतं.

मराठी कागद वाचणाऱ्यांनी एक गोष्ट आधी तपासावी: समोरचा आकडा खरंच हिजरी आहे का? सुहूर सनही अरबी अंकनामांत लिहितात, पण ते सौर आहे, त्याला तेहतिसावा भाग लागतच नाही. तिसऱ्या पानिपताच्या वेळी सुहूर ११६१ चालू होतं. जानेवारीसाठी त्यात नुसते ६०० मिळवायचे. तेच ११६१ हिजरी समजून सूत्रात घातलं तर १७४८ येतात. बारा-तेरा वर्षांची तफावत दिसली की पहिला संशय इथे घ्यावा.

या सूत्राचं उत्तर ग्रेगरियन पद्धतीचं असतं, आणि १५८२पूर्वीच्या तारखा पुस्तकांत ज्युलियन असतात. सोळाव्या शतकासाठी उत्तरातून दहा दिवस वजा करावे लागतात. पहिल्या पानिपतासाठी ८ रजब ९३२ हे १५२६.३३ येतं, म्हणजे एप्रिल संपता संपता. दहा दिवस वजा केले की २० किंवा २१ एप्रिल. यापुढे सूत्राची धाव नाही, कारण महिना चंद्रदर्शनावर सुरू होतो आणि एका दिवसाचा फरक कुठेही पडू शकतो. तिथे वार उपयोगी पडतो. पाठ्यपुस्तकांत २१ एप्रिल छापतात, पण बाबराने स्वतः ८ रजबला शुक्रवार लिहिला आहे, आणि १५२६च्या ज्युलियन एप्रिलमध्ये शुक्रवार २० तारखेला येतो.