‘तीन सिटिंगमध्ये खांदा बरा’: माझ्या पेशंटच्या तोंडी घातलेले शब्द

नाशिकमध्ये फिजिओथेरपीचं क्लिनिक चालवणाऱ्यांना सध्या एका प्रकारचे फोन फार येतात. “मॅडम, तुमचे रिव्ह्यू चाळीसच दिसतात, तुमच्या शेजारच्या क्लिनिकचे तीनशे आहेत. महिन्याला पन्नास रिव्ह्यू आणि पंधरा पोस्ट, सगळं आम्ही बघतो.” इंदिरानगरच्या माझ्या क्लिनिकसाठी अशाच एका एजन्सीशी मी करार केला होता. महिन्याला अठरा हजार रुपये, तीन महिन्यांचे आगाऊ. ते पैसे बुडाले. पण त्याहून जास्त नुकसान त्यांनी माझ्या पेशंटच्या नावावर जे छापलं त्यानं झालं, आणि ते नेमकं कसं होतं हे इतर क्लिनिकवाल्यांना कळावं म्हणून हे लिहिते आहे.

दिंडोरीकडचे एक द्राक्षबागायतदार काका फ्रोझन शोल्डरसाठी माझ्याकडे येत होते. मधुमेह आधीपासूनचा, त्यात खांदा आखडलेला. छाटणीला हात वर जात नव्हता, रात्री त्या कुशीवर झोपता येत नव्हतं. पहिल्या दिवशी गोनिओमीटरनं मोजलं तेव्हा हात समोरून जेमतेम ८० अंशांपर्यंत उचलला जात होता, आणि बाहेरच्या बाजूला वळवणं तर जवळपास बंदच होतं. साधारण पाच महिन्यांनी तो १५० अंशांवर आला. मध्येच कधीतरी त्यांनी व्हॉट्सअ‍ॅपवर लिहिलं होतं, “मॅडम, आता रात्री कुशीवर झोपता येतं. हात अजून पूर्ण वर जात नाही पण शर्ट घालता येतो.” त्यांना विचारून, नाव झाकायचं आणि शब्द बदलायचे नाहीत असं सांगून, हा मेसेज मी एजन्सीला दिला.

पोस्ट आली ती अशी: दाढी केलेला, पांढऱ्याशुभ्र शर्टातला एक हसरा माणूस, खाली पाच तारे, आणि मजकूर, “फक्त ३ सिटिंगमध्ये फ्रोझन शोल्डर १००% बरा! ऑपरेशन टळलं!” ऑपरेशनचा तर विषयच निघाला नव्हता. त्या हसऱ्या माणसाचा फोटो गूगल लेन्समध्ये टाकला तर तो विकत मिळणाऱ्या फोटोंच्या साइटवरचा निघाला, आणि तोच गृहस्थ दुसऱ्या राज्यातल्या एका दंतवैद्याच्या जाहिरातीतही पेशंट होता. बिचाऱ्याला काय काय होतं कोण जाणे.

मी पोस्ट काढायला सांगितली तेव्हा तिकडचा मुलगा म्हणाला, “मॅडम, लोक पूर्ण वाचत नाहीत, आकडा बघतात.” त्याचं म्हणणं अगदी खरं निघालं, कारण लोक आकडा बघूनच आले. सातपूरच्या कारखान्यात काम करणारा एक जण पोस्ट दाखवून विचारू लागला, तीन सिटिंगचे किती? फ्रोझन शोल्डरमध्ये सांध्याभोवतीचं आवरण सुजून आखडतं. आधी दुखण्याचा काळ, मग ताठरपणाचा, मग हळूहळू मोकळं होण्याचा. यात महिने जातात, कधी वर्षाच्या वर. दुखण्याच्या काळात घाईनं ताणलं तर दुखणं वाढतं. हे सगळं मी त्याला समजावलं. तिसऱ्या सिटिंगनंतर तो आला नाही आणि एक तारा देऊन लिहून गेला की जाहिरात खोटी आहे. त्या महिन्यात आलेल्या रिव्ह्यूंमध्ये खरा म्हणावा असा तोच होता.

कारण बाकीचे पन्नास विकतचे होते. ते ओळखायला फार हुशारी लागत नाही. माझं क्लिनिक तळमजल्यावर आहे आणि एकाला आमची लिफ्ट आवडली होती. दोघांनी “सर खूप अनुभवी आहेत” असं लिहिलं होतं. इथे सर कोणी नाही. पण सगळ्यात सोपी खूण म्हणजे रिव्ह्यू देणाऱ्याच्या नावावर टिचकी मारून त्याचे बाकीचे रिव्ह्यू बघणं. एकाच आठवड्यात सुरतचं कपड्यांचं दुकान, जयपूरचं हॉटेल आणि नाशिकचं फिजिओथेरपी क्लिनिक, सगळ्यांना पाच तारे. खरा पेशंट काय दुखत होतं ते सांगतो, कोणत्या व्यायामाचा कंटाळा आला ते सांगतो, पार्किंगची तक्रारही करतो. विकतचा रिव्ह्यू कुठल्याही क्लिनिकला चिकटवता येतो.

एजन्सीनं याच रिव्ह्यूंचे स्क्रीनशॉट काढून पुढच्या पोस्ट केल्या. म्हणजे खोटं आधी गूगलवर आणि मग तेच पुरावा म्हणून इन्स्टाग्रामवर.

थोड्याच दिवसांत गूगलनं ते रिव्ह्यू उडवले. प्रत्यक्ष अनुभव नसताना दिलेले आणि पैसे किंवा सवलत देऊन मिळवलेले रिव्ह्यू त्यांच्या नियमात बसत नाहीत, आणि नियम मोडला तर त्या प्रोफाइलवर काही काळ नवे रिव्ह्यू घेणं बंद करता येतं. माझ्याकडे दोन्ही झालं. शिवाय त्या झाडाझडतीत माझे काही खरे जुने रिव्ह्यूही गेले. गुडघा बदलल्यावर आमच्याकडे चालायला शिकलेल्या एका आजींनी नातवाकडून लिहून घेतलेला त्यातच होता. बंदी असताना खरे पेशंट लिहायला तयार होते, पण ते दिसतच नव्हतं.

करार मोडते म्हटल्यावर खरी मेख कळली. “सेटिंग करून देतो” म्हणत त्यांनी प्रोफाइलची मुख्य मालकी स्वतःच्या जीमेलवर घेतली होती आणि मला मॅनेजर करून ठेवलं होतं. उरलेल्या कामाचे पैसे परत मागितले तर उत्तर आलं की मग प्रोफाइल विसरा. मी गूगलकडे मालकीची विनंती टाकली. सध्याच्या मालकाला उत्तर द्यायला ३ दिवस असतात. त्यांनी उत्तर दिलं नाही, म्हणून मला व्हिडिओनं पडताळणी करता आली: रस्ता, बाहेरची पाटी, किल्लीनं दार उघडणं, आतली टेबलं आणि मशिन, सगळं एका सलग चित्रणात. तुमच्याही प्रोफाइलमध्ये आजच `People and access` उघडून बघा. मुख्य मालक म्हणून तुमचाच ईमेल दिसला पाहिजे. एजन्सीला मॅनेजरपेक्षा जास्त काही लागत नाही, आणि मॅनेजर कधीही काढता येतो.

एजन्सीवाले सांगतात की “सगळेच करतात, कोण विचारतं?” दिशाभूल करणाऱ्या जाहिराती आणि शिफारशींबद्दल केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाची मार्गदर्शक तत्त्वं जून २०२२ पासून लागू आहेत, आणि ग्राहक संरक्षण कायद्यात अशा जाहिरातीला १० लाखांपर्यंत दंड आहे. ऑनलाइन रिव्ह्यू कसे गोळा करावेत यासाठी भारतीय मानक ब्युरोचं आयएस १९००० : २०२२ हे मानकही आहे. पोस्टवर नाव क्लिनिकचं असतं, एजन्सीचं नसतं.

आता पेशंटचा अनुभव टाकायचा तर मी कागदावर संमती घेते. त्यात कुठे टाकणार, नाव-चेहरा दिसणार का, आणि नंतर सांगितलं तर काढणार, हे तिन्ही लिहिलेलं असतं. रिव्ह्यू सगळ्यांनाच मागते, फक्त खूश असलेल्यांना नाही. तसं निवडून मागणंही गूगलच्या नियमाविरुद्ध आहे. रिव्ह्यूच्या बदल्यात एक सिटिंग मोफत वगैरे काही देत नाही. पोस्टमध्ये पेशंटचे शब्द जसेच्या तसे, आणि खाली माझ्याकडून एक ओळ: दुखणं काय होतं, किती महिने लागले, सुरुवातीचा आणि शेवटचा अंश किती, आणि काय अजून राहिलं आहे.

काकांची पोस्ट मी त्यांना दाखवून पुन्हा टाकली, शर्टाच्या वाक्यासकट आणि “पाच महिने” असं लिहून. फोन कमी आले. जे आले त्यांतल्या कुणी तीन सिटिंगचे पैसे विचारले नाहीत. एजन्सीविरुद्धची तक्रार ग्राहक आयोगात दिली आहे. बदललेला मेसेज आणि मूळ मेसेज शेजारी शेजारी लावून जोडला आहे, आणि तारखेसकटचे स्क्रीनशॉट मी प्रोफाइल हातातून जाण्याआधीच काढून ठेवले होते.