इमारतीचे एलओडी: डेसिमेशन की हाताने बांधणी?

एलओडी म्हणजे दुरून दाखवायची मॉडेलची हलकी आवृत्ती. ब्लेंडरच्या डेसिमेट मॉडिफायरमध्ये Collapse निवडून Ratio 0.1 ठेवला की ती क्षणात मिळते. दगडी पुतळ्याला ते चालतं. इमारतीत मात्र कठड्याची सरळ कड तिरकी होते आणि रेलिंगच्या गजांचे टोकदार त्रिकोण उरतात.

हाताने बांधताना काय ठेवायचं हे आपण ठरवतो, आणि ते अंतरावरून ठरतं. उभा दृष्टिकोन 60 अंश आणि पडदा 1080 पिक्सेल उंच असेल, तर 100 मीटरवर एक मीटर म्हणजे साधारण 9 पिक्सेल. गच्चीचा अर्धा मीटर कठडा चार-पाच पिक्सेल व्यापतो, म्हणून तो राहिलाच पाहिजे. दोन सेंटिमीटरचा गज पिक्सेलच्या पाचव्या भागाएवढा; त्याऐवजी पारदर्शक टेक्स्चरची एक पट्टी पुरते. खिडक्यांच्या चौकटी नॉर्मल मॅपमध्ये बेक कराव्यात. बाल्कनी मात्र कधीच सपाट करू नये, कारण बाजूने पाहिल्यावर तीच बाह्यरेषा घडवते.

पारख सोपी आहे: मूळ आणि हलकी, दोन्ही आवृत्त्या पांढऱ्यावर काळ्या रंगवून, जिथे एकीची जागा दुसरी घेते त्या अंतरावरून आलटून पालटून पाहाव्यात. कड हलली, तर बदल दिसणारच. माझी निवड हाताची. डेसिमेशन फक्त शिल्पं आणि नक्षीसाठी.